अर्थ सुटला ती जागा

नर्सिंगच्या पहिल्या वर्षी मला सगळ्यात जास्त भीती वाटायची ती पुस्तकाची. रक्त, जखमा, वॉर्डातला वास यांची सवय झाली, पण शरीररचनेच्या त्या जाड इंग्रजी पुस्तकाची होईना. माझं सगळं शिक्षण खापरखेड्याला मराठी शाळेत झालं होतं. बाबा तिथल्या पॉवरहाऊसमध्ये कामगार होते. मॅट्रिकनंतर नागपुरात एका मोठ्या इस्पितळात नर्सिंगला जागा मिळाली तेव्हा आमच्या कॉलनीत सगळ्यांना केवढं कौतुक वाटलं होतं. पहिल्या सहामाहीनंतर प्रिलिमची परीक्षा असते, तीत नापास झालेल्या मुलीला घरी पाठवतात, हे मला वसतिगृहात आल्यावर कळलं. घरी मी ते सांगितलं नाही.

मी पाठांतराची पक्की होते. इंग्रजीतले परिच्छेदच्या परिच्छेद मी अडखळल्याशिवाय म्हणायची. माझी खोलीतली मैत्रीण काटोलकडच्या एका खेड्यातली, शेतकऱ्याची मुलगी. ती खाटेवर पडून माझं पाठांतर ऐकायची आणि म्हणायची, "तुले तर सारंच येते वं. मले त पहिल्याच ओळीत झोप येते." मलाही वाटायचं की मला सगळं येतं.

मग रक्ताभिसरणावर वर्गात चाचणी झाली आणि मी नापास झाले. कारण विचारणाऱ्या एका प्रश्नाच्या उत्तरात मी पुस्तकातला अख्खा परिच्छेद जसाच्या तसा लिहिला होता. त्यावर लाल फुली होती.

आम्हाला शिकवणाऱ्या ट्यूटर सिस्टरांनी मला जेवणानंतर प्रात्यक्षिकाच्या खोलीत बोलावलं. या बाई उंच, हळू बोलणाऱ्या. आवाज कधी चढला नाही, म्हणून त्यांची जास्तच भीती वाटे. खोलीत एका बाजूला हाडांचा सांगाडा टांगलेला, दुसऱ्या बाजूला पेशंटला अंघोळ घालायला शिकण्यासाठी पलंगावर निजवलेली माणसाएवढी बाहुली. मला वाटलं, आता घरी पत्र जाणार.

त्यांनी पुस्तक उघडून तोच परिच्छेद वाचायला सांगितला. मी घडाघडा वाचला. समजलं का, विचारलं. मी हो म्हणाले. खोटं बोलत नव्हते, मला खरंच तसं वाटत होतं. मग त्यांनी पुस्तक मिटलं आणि म्हणाल्या, "आता मराठीत सांग. एकेक वाक्य."

मी सुरुवात केली. हृदयापासून रक्त दूर नेते ती रोहिणी. हृदयाकडे परत आणते ती नीला. शरीरभर जाणाऱ्या रोहिण्यांत लालभडक, प्राणवायूने भरलेलं शुद्ध रक्त असतं. इथवर नीट आलं. पुढचं वाक्य इंग्रजीत जिभेवर तयार होतं, पण मराठी येईना. ते वाक्य असं होतं की फुप्फुसाकडे जाणाऱ्या रोहिणीत अशुद्ध रक्त असतं. आणि शाळेत तर मी शिकले होते, रोहिणीत शुद्ध, नीलेत अशुद्ध. मग अशुद्ध रक्ताची रोहिणी कशी? मी तिथेच अडले. 

"ही तुझी अर्थ सुटलेली जागा," सिस्टर म्हणाल्या. "अर्थ इथे सुटला आणि डोळे पुढे गेले. तुला ते कळलंच नाही."

मी घाईघाईने पुस्तक उघडून परिच्छेद पहिल्यापासून पुन्हा वाचायला लागले. तोंडातून ओळी पुन्हा तशाच सुरळीत वाहिल्या आणि मी पुन्हा त्याच वाक्याशी येऊन थांबले. त्यांनी पानावर हात ठेवला. म्हणाल्या, नुसतं पुन्हा म्हणू नकोस. काय शोधायचंय ते आधी ठरव, मग मागे जा. मला काय शोधायचंय ते ठरवायलाच वेळ लागला. शेवटी म्हणाले, "अशुद्ध रक्त असूनही तिला रोहिणी का म्हणतात?"

"मग जा शोधायला."

मी मागे गेले. या वेळी मी सगळं वाचत नव्हते, रोहिणी हे नाव कशावरून पडतं तेवढंच बघत होते. उत्तर पहिल्याच वाक्यात होतं. हृदयापासून दूर नेते ती रोहिणी. त्या वाक्यात शुद्ध-अशुद्धचा शब्दही नव्हता. नाव दिशेवरून होतं, रक्तावरून नव्हतं. फुप्फुसाकडे रक्त जातं ते हृदयापासून दूर जातं, म्हणून ती रोहिणी. आणि ते प्राणवायू घ्यायला चाललेलं असतं, म्हणून अशुद्ध. ते पहिलं वाक्य मी कितीतरी वेळा म्हटलं होतं. शाळेतली समजूत डोक्यात इतकी घट्ट बसली होती की पुस्तक काय म्हणतं ते मला दिसलंच नव्हतं.

मला आनंद व्हायला हवा होता. पण खोलीकडे जाताना मनात एकच येत होतं. इथे सुटलं आणि कळलं नाही, तर बाकीच्या पुस्तकात कुठे कुठे सुटलं असेल?

पुढचे दिवस वाईट गेले. मी आता दर दोन-तीन वाक्यांना थांबायची आणि मनात मराठीत सांगून बघायची. हळूहळू मला त्या क्षणाची खूण सापडायला लागली. मनातला आवाज वाचत राहायचा, पण डोळ्यांपुढचं चित्र गेलेलं असायचं. रक्त कुठून कुठे चाललंय ते दिसेनासं व्हायचं, नुसते शब्द उरायचे. तिथे मी पेन्सिलीने ठिपका द्यायची, स्वतःला एक प्रश्न विचारायची आणि मागे जायची. कधी 'हे' म्हणजे नेमकं कोणतं, एवढाच प्रश्न असायचा. कधी उत्तर मागे नसायचं, पुढच्या दोन ओळींत असायचं. पण पानं ठिपक्यांनी भरत होती आणि प्रिलिम जवळ येत होती. इतर मुलींचा अभ्यासक्रम दुसऱ्यांदा होत आला होता. माझं पचनसंस्थेवरच चाललं होतं.

मैत्रीण वैतागून म्हणाली, "काहून थांबून राहिली तू घडीघडी? आधी त कशी धडाधड म्हणत होती."

 मला स्वतःलाच वाटत होतं की सिस्टरांनी माझं चालतं पाठांतर मोडलं आणि हाती काहीच दिलं नाही. एकदा मी रडून पुन्हा जुन्या रीतीने पाठ करायला बसले. पण ते जमेना. चित्र गेलं की आता कळायचंच.

प्रिलिमला दोन प्रकरणं माझी वाचायचीच राहिली होती. पास झाले, पण जेमतेम. नर्सची पांढरी कॅप मिळाली, म्हणजे पुढे शिकायला राहता आलं. मैत्रीणही पास झाली, माझ्याहून जास्त गुणांनी, आणि हे ती मला पुढे बरेच दिवस ऐकवत होती.

दुसऱ्या वर्षी माझी ड्यूटी पुरुषांच्या मेडिकल वॉर्डात लागली. एका सकाळी स्टाफ नर्स माझ्याबरोबर औषधं वाटत होत्या, इतक्यात पलीकडच्या खाटेवरचा पेशंट एकदम अत्यवस्थ झाला. ट्रे माझ्या हातात देऊन त्या धावल्या. जाताना म्हणाल्या, कपाटाच्या दारावर सूचना लावल्यात, त्या वाचून उरलेल्यांना दे, आणि लवकर कर.

उरलेल्यांत उमरेडकडचे एक म्हातारे शेतकरी होते. त्यांना हृदयाची छोटी गोळी होती. मी दारावरचा इंग्रजी कागद वाचला. हे औषध हृदयाची गती मंद करतं. देण्यापूर्वी पूर्ण एक मिनिट ठोके मोजावेत. साठाच्या खाली असतील तर औषध 'विथहोल्ड' करावं आणि डॉक्टरांना कळवावं.

मी घड्याळ धरून ठोके मोजले. साठाच्या खाली होते. मोजून झाले म्हणून मी गोळी उचलली. 'होल्ड' म्हणजे धरणं, 'विथ' म्हणजे सोबत. गोळी सोबत धरायची, द्यायची, आणि मग डॉक्टरांना सांगायचं, असं काहीतरी मनाने जुळवून टाकलं होतं.

म्हाताऱ्यांनी तोंड उघडलं होतं. आणि तिथे मला ती खूण जाणवली. चित्र नव्हतं. मी काय करतेय आणि का, ते मला दिसत नव्हतं.

मी गोळी परत ट्रेमध्ये ठेवली आणि कपाटाशी गेले. स्टाफ नर्सचा आवाज पलीकडून आला, झालं का म्हणून.   कागद वरपासून पुन्हा वाचायची घाई होत होती, पण मी स्वतःला एकच प्रश्न विचारला. गोळी द्यायचीच असेल तर आधी ठोके कशासाठी मोजायला लावलेत? तो प्रश्न घेऊन मी मागे गेले आणि पहिल्या वाक्यापाशी आले. औषध हृदयाची गती मंद करतं. यांची गती आधीच मंद आहे. म्हणजे तो शब्द देण्याचा असूच शकत नाही. थांबवण्याचाच असला पाहिजे.

तरी माझी खात्री नव्हती. शब्द मला येत नव्हता, मी फक्त अंदाज बांधला होता. ट्रे घेऊन मी स्टाफ नर्सच्या मागे जाऊन उभी राहिले. त्यांनी वळून बघितलं तेव्हा त्यांच्या कपाळावर आठी होती. मी ठोके सांगितले आणि विचारलं, "गोळी द्यायची नाही ना?"

त्यांनी ट्रेकडे नजर टाकली. "दिली नाहीस ना?"

"नाही."

त्या अत्यवस्थ पेशंटजवळ दुसऱ्या सिस्टर आल्यावर स्टाफ नर्सनी स्वतः जाऊन म्हाताऱ्यांचे ठोके पुन्हा मोजले, गोळी बाजूला काढली आणि डॉक्टरांना निरोप धाडला. मला म्हणाल्या एवढंच, की नाही कळलं तर असंच विचारत जा. मग उरलेली औषधं आम्ही दोघींनी मिळून वाटली. पाण्याचा ग्लास माझ्या हातून दोनदा सांडला.

डॉक्टर येऊन तपासून गेले, गोळी बंद ठेवायला सांगून गेले. म्हातारे मात्र नाराज होते. मी चादर नीट करायला गेले तेव्हा म्हणाले, "साऱ्यायले गोळ्या देल्ल्या बाई, मले काहून नाही? माही पाळी आली आन् तू पळून गेली."

मी त्यांच्या खाटेशी टेकले आणि सांगितलं. गोळी हृदयाला हळू चालवते, बाबाजी. तुमचं हृदय आजच्याला आधीच हळू चालून राहिलं. आणखी हळू झालं तर तुम्हाला त्रास होईल.

 मग ते म्हणाले, "म्हंजे बैल आधीच हळू चालून राहिला, त्याले आणखी कासरा ओढाचा नाही."

"हो," मी म्हणाले. "तसंच."

त्यांनी मान हलवली आणि चहा कधी येतो ते विचारलं. दुपारी ड्यूटी संपल्यावर मी वसतिगृहात आले.  आधी मैत्रिणीचा शब्दकोश मागून घेतला आणि 'विथहोल्ड' काढून बघितला: न देणं, रोखून ठेवणं. मग खाटेवर बसून तो शब्द माझ्या वहीत लिहिला आणि त्यापुढे पेन्सिलीने एक ठिपका दिला.