शंभर केबीत न मावलेला अंगठा

लग्नात ताटभर तांदूळ पसरून नवऱ्याने अंगठीने माझं नवं नाव लिहिलं, तेव्हा मी खुदुखुदु हसत होते. हौस सासूबाईंची. पण तांदळातलं ते नाव पुढं आधारवर गेलं, बँकेत गेलं, आणि शाळा-कॉलेजच्या कागदांवर मात्र जुनंच राहिलं. आडनाव बदललेलं लोकांना कळतं हो, पण पहिलं नावच वेगळं दिसलं की खिडकीतला माणूस आपल्याकडे चोरासारखं बघतो. शेवटी नवऱ्यानेच खेटे घालून राजपत्रात नावबदल छापून आणला. सरकारी अंकाचं एक पान, त्यावर बारीक अक्षरात ढीगभर अनोळखी माणसांची जुनी नावं आणि नवी नावं. त्यातली एक ओळ माझी.

घरात तो शेवटपर्यंत जुन्याच नावाने हाक मारायचा. तो गेल्यावर ते नाव घेणारं कुणी उरलं नाही. भाऊ मला ताई म्हणतो, शेजारणी मॅडम म्हणतात. सुकापूरच्या आमच्या दोन खोल्यांत दिवसच्या दिवस मला कुणी हाकच मारायचं नाही. कधी कधी दूधवाल्याशी उगाच जास्तीचं बोलायचे, आणि मग माझाच मला राग यायचा.

भाऊ फोनवर एकच पालुपद लावायचा, "एकटी काय करतेस तिकडे? गावाला ये." मला जायचं नव्हतं. जाऊन त्याच्या घरात कोपरा धरून बसायचं का? तेवढ्यात एका शाळेत लिपिकाची जागा निघाली. ती मिळाली तर मी माझ्या घरात राहणार, नाही तर बॅग भरणार, इतकं ते सरळ होतं. अर्ज ऑनलाइन होता. सगळं भरून झालं आणि शेवटच्या दिवशी गाडी एका रकान्यावर अडली: नावबदलाचा पुरावा, एकच पान, पीडीएफ, शंभर केबीच्या आत.

पान होतं. नवऱ्याने त्याच्या ऑफिसच्या स्कॅनरवर माझे सगळे दाखले एका दमात स्कॅन करून एकच लांबलचक फाइल मला मेल केली होती. "सगळं एका जागी, हरवायची भीती नाही," असं वर लिहिलेलं. एका जागी म्हणजे किती? मार्कशीटपासून लाइटबिलापर्यंत! राजपत्राच्या पानावर तर याचा अंगठाही आलेला. पान काचेवर धरताना डावीकडच्या कडेला चांगला नखासकट छापला गेला होता. तेव्हा मी त्याला फैलावर घेतलं होतं, "दाखला स्कॅन केलायस की हात?" तो नुसता हसला होता.

दुपारी नवीन पनवेलमधल्या सायबर कॅफेत गेले. चालवणारी बाई जवळच्याच विचुंबे गावची, माझ्याच वयाची, तोंडाने फटकळ. तिचा स्कॅनर बंद पडलेला, म्हणून मी मेलमधली फाइलच उघडून दिली आणि म्हटलं, "यातलं एक्केचाळीस नंबरचं पान हवंय."

"एवढी पानं हायतच कुठं यात?" ती म्हणाली.

पानावर छापलेला आकडा राजपत्राचा होता, आमच्या गठ्ठ्यात ते पार शेवटाकडे होतं. मोजून काढलं, प्रिंटमध्ये तेवढाच आकडा घालून वेगळी पीडीएफ केली. एकुलतं एक पान, पण दोन एमबीच्या घरात. रंगीत स्कॅन, तेही भरमसाट बारकाईचं. नवऱ्याला कुठलीही गोष्ट कमी करायची माहीतच नव्हती.

मग तिने फाइल लहान करणाऱ्या एका साइटवर टाकली. शंभराच्या आत आली खरी, पण अक्षरं अशी की मुंग्या चिरडल्यात. माझी ओळ मलाच सापडेना.

"असं पाठवलंत तर बाद करतील," ती म्हणाली. "आणि ह्यो अंगठा कुणाचा? सूचनांत लिवलंय, पानावर बोट, सावली नाय पायजे. कडा कापा, साईजपण उतरंल."

"नको," मी म्हटलं.

"का नको?"

काय सांगणार? म्हटलं, "बरं, कापा."

तिने माऊस ओढून चौकट केली, कड दिसेनाशी झाली. साइज बघितली तर होती तेवढीच. तिने परत केलं. परत तेवढीच. "आयला, ह्याला काय झालं!" म्हणून तिने टेबलावर हात आपटला. मग थोडं शोधाशोध केल्यावर तिलाच सापडलं. "ताई, पीडीएफमधी असं कापलं ना, का ते जात नाय. आतच राहतं, निस्तं दिसत नाय. म्हणून वजन कमी होत नाय."

मला भर दुकानात रडू कोसळलं. डोळ्यांत कचरा गेल्याचं नाटकही जमलं नाही. तिने पंखा माझ्याकडे वळवला आणि शेजारच्या गिऱ्हाइकाला उगाचच ओरडून आवाज कमी करायला लावला.

थोड्या वेळाने मीच म्हटलं, "कागद पिवळा पडलाय, त्या पिवळ्याचंच वजन आहे. पान चित्र म्हणून काढा, रंग काढून टाका, निव्वळ काळं-पांढरं करा." शिक्का वगैरे त्यावर नव्हताच, सगळं छापील. तिने तसं केलं आणि अक्षरं एकदम खणखणीत उठली. साइजही धाडकन उतरली. अंगठ्याचा मात्र शाईचा डाग झाला.

"आता खरं कापते," ती म्हणाली आणि माझ्याकडे बघत थांबली.

मी मान हलवली. तिने चित्रातून कड कापली, परत पीडीएफ केली, अपलोड केली. हिरवी खूण आली. अर्ज गेला. मूळ फाइल माझ्या मेलमध्ये जशीच्या तशी होती, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी घरी पोचल्या पोचल्या आधी ती उघडून बघितली.

पुढे परीक्षा झाली आणि मला कागदपत्रं तपासायला बोलावलं. टेबलापलीकडच्या बाईंनी मी पाठवलेल्या पानाची प्रिंट समोर धरली आणि चष्मा वर-खाली करत राहिल्या. "अहो, एवढ्या नावांत तुमचं कुठंय?"

मलाही पटकन सापडेना. मग मी पिशवीतून मूळ कागद काढला, डाव्या हाताने कडेला धरला आणि ओळीवरून ओळ बघत खाली आले. माझी ओळ सापडली तिथे अंगठा दाबून कागद त्यांच्यासमोर केला. "हे बघा. हे मी."

त्यांनी माझं जुनं नाव मोठ्याने वाचलं, मग नवं. आणि मी आपली माझ्या अंगठ्याकडे बघत राहिले. स्कॅनमध्ये त्याचा अंगठा होता, तीच जागा. नखाचं टोक बरोबर माझ्या ओळीकडे.

नोकरी मिळाली. सुकापूरचं घर सुटलं नाही. पण तो अंगठा त्याने माझं नाव सापडावं म्हणून तिथे ठेवला होता, की पान घसरू नये म्हणून, हे मला अजून कळलेलं नाही. आणि आता विचारू कुणाला?