युवक अध्यक्षांचा कच्चा रंग

धुळ्यात पाचव्या गल्लीच्या तोंडाशी पंडित सैंदाणेचं केस कापायचं दुकान होतं. दोन खुर्च्या, दोन आरसे आणि वाट बघणाऱ्यांसाठी एक बाक. पंडित पन्नाशीचा, अंगानं बारीक. दुकानात अख्ख्या जिल्ह्याचं राजकारण बोललं जाई आणि तो मान हलवत कात्री चालवत राही. एकाचं ऐकलेलं दुसऱ्याला सांगायचं नाही, हा त्याचा नेम. त्यामुळे एकमेकांचं तोंड न बघणारे पुढारी त्याच्याकडे मात्र पाठोपाठ येऊन बसत.

पंडितला कामाची हौस होती. पंच्याण्णव साली नाशिकला रंग बनवणाऱ्या एका कंपनीनं दोन दिवसांचं शिक्षण ठेवलं, तेव्हा धुळ्याहून स्वतःच्या खर्चानं गेलेला तो एकटाच. परत येताना पिशवीत चार ट्यूब आणि डोक्यात एक नवी गोष्ट घेऊन आला. त्या ट्यूबवर सेमी-परमनंट असं लिहिलेलं होतं. गिऱ्हाइकाला कळावं म्हणून पंडितनं त्याला सरळ कच्चा रंग म्हणायला सुरुवात केली आणि तिथेच त्याचा धंदा बसला. खानदेशातला माणूस लुगडं घेतानासुद्धा रंग पक्का आहे ना म्हणून पदर ओला करून बघतो. तो डोक्याला कच्चा रंग कशाला लावून घेईल? वर्षभरात त्या ट्यूबवर धूळ बसली आणि पंडित पुन्हा वाटीत पक्का काळा रंग कालवू लागला.

अशा वेळी एका शनिवारी देवचंददादा दाढीला आले.

देवचंददादा तालुका युवक संघटनेचे अध्यक्ष. संघटनेच्या नियमाप्रमाणे अध्यक्षाचं वय चाळिशीच्या आत हवं. दादा हा नियम काटेकोर पाळत. गेली सहा वर्षं ते एकोणचाळीसचे होते. मुलगी बारावीला होती, गुडघा कुरकुरत होता, पण व्यासपीठावर चढताना ते शेवटच्या दोन पायऱ्या मुद्दाम पळत चढत. केस दाट आणि काळे. ती त्यांची खरी मालमत्ता होती.

दाढी झाल्यावर ते आरशात वाकून बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "पंडित, हे काय दिसतंय?"

पंडितनं कंगव्यानं केस उलटेपालटे करून पाहिले. उजव्या कानशिलावर चौदा, डाव्यावर नऊ आणि भांगापाशी तीन. सव्वीस पांढरे केस. त्यानं आकडा सांगितला तेव्हा दादांचा चेहरा एखाद्या गावातून मतपेटी उलटी निघाल्यासारखा झाला. महिनाभरावर शिंदखेड्याला युवक मेळावा होता, तिथंच नवा अध्यक्ष निवडायचा होता. सरचिटणीस धनसिंग त्या पदावर डोळा ठेवून होता, आणि धनसिंगचं डोकं गेल्या आठवड्यापासून डांबरासारखं काळं झालं होतं. दादांनी फर्मान काढलं, आपल्यालाही तसंच करून दे.

पंडितनं पहिल्यांदाच नुसतं मान हलवणं सोडून गिऱ्हाइकाला सल्ला दिला. "दादा, सव्वीस केसांसाठी सगळं डोकं रंगवायचं नाही. पक्का रंग औषधात कालवतात, तो केसाच्या आत शिरतो, मग निघत नाही. पण केस थांबतो का? वाढतोच. वीस दिवसांत मुळाशी पांढरं दिसायला लागतं. मग दर महिन्याला रंगवत बसा. कच्चा रंग केसाच्या वरच बसतो. धुता धुता आपसूक जातो. कुणाला कळत नाही, कधी आला आणि कधी गेला."

जाणाऱ्या रंगावर दादांचा विश्वास बसेना. त्यांचं सगळं आयुष्य पद टिकवण्यात गेलेलं. पण 'कुणाला कळत नाही' हे शब्द त्यांच्या मनात बसले. पंडितनं ट्यूबमधला थेंबभर रंग त्यांच्या कानामागं लावला आणि दोन दिवसांत खाज किंवा लाली आली तर सांगा म्हणाला. दादांनी रविवारभर कानामागं हात लावून पाहिलं. घरच्यांना वाटलं, साहेब गंभीर विचारात आहेत.

सोमवारी दुकान बंद असे. दुपारी दोनला, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, दादा अर्ध्या शटरखालून वाकून आत आले. पंडितनं आधी शाम्पूनं डोक्यातलं तेल काढलं, टॉवेलनं केस टिपले, कपाळाच्या कडेला आणि कानांना व्हॅसलीन चोपडलं, हातमोजे चढवले. दादांनी काळी ट्यूब मागितली होती. पंडितनं गडद तपकिरी उचलली. या रंगानं काळा केस काळाच राहतो, त्यावर काही चढत नाही. चढतो तो पांढऱ्यावर. काळा चढवला तर ते सव्वीस केस सपाट काळे दिसतील आणि चुगली करतील. तपकिरी चढला तर उन्हात फिरणाऱ्या माणसाचे चार केस भुरकट असतात तसे दिसतील. शिवाय या रंगात दुसरं काही कालवायचं नव्हतं. ट्यूबमधून थेट ब्रशवर घेऊन त्यानं दोन्ही कानशिलं आणि भांग रंगवला, पंचवीस मिनिटं घड्याळाकडे बघत बसला आणि मग पाणी स्वच्छ येईपर्यंत डोकं धुतलं.

दादांनी आरशात पाहिलं. पांढरं नव्हतं. काळंकुट्टही नव्हतं. काही केल्याचंच दिसत नव्हतं. एवढ्यासाठी पैसे द्यायचे म्हणून ते थोडे नाराज झाले.

जाताना पंडितनं बजावलं, केस आठवड्यातून दोनदाच धुवायचे, तेही शाम्पूनं. रंग सात-आठ धुण्यांपुरता आहे. दादांना रोज अंगाच्या साबणानं डोकं खळखळून धुवायची सवय. ती त्यांनी सोडली नाही. दहा दिवसांनी ते सव्वीसच्या सव्वीस घेऊन परत हजर. पंडितनं पुन्हा रंग लावला आणि या वेळी दादांच्या पत्नीला, द्रौपदाबाईंना, निरोप पाठवला की मोरीतला साबण लपवा.

मेळाव्याच्या आदल्या सोमवारी त्यानं आणखी एक हात दिला. शिंदखेड्याच्या मेळाव्यात दादा उठून दिसले. धनसिंग त्यांच्या शेजारीच बसला होता. त्याचा रंग घरी त्याच्या मेव्हण्यानं लावलेला. केस काळे, कपाळाची कड काळी आणि एक कानही. त्यात रंगाला आता पाच आठवडे होत आलेले. भांगात मुळाशी पांढरी रेघ उमटली होती, जणू कुणी खडूनं डोक्याचे दोन भाग करून वाटणी केली होती. मागच्या रांगेतली पोरं ती रेघ एकमेकांना दाखवत होती. दादांच्या केसांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. 'तरुण, तडफदार नेतृत्व' म्हणून ते पुन्हा बिनविरोध निवडून आले.

पंडितच्या दुकानात त्यानंतर कच्चा रंग मागणारे तीनजण आले. तिघेही सोमवारी.

पण मेळावा संपून पंधरा दिवस होत नाहीत तो वारं फिरलं. जिल्हा परिषदेच्या निवडणुका आल्या. आधीच्या खेपेला दिलेल्या तरुण उमेदवारांनी आपसात एवढी भांडणं केली होती की वरच्या मंडळींनी ठरवलं, या वेळी पोक्त, अनुभवी माणसालाच तिकीट. दहा दिवसांत निरीक्षक येणार होते. त्यांना माणसं बघून यादी करायची होती.

देवचंददादा भर मंगळवारी, दुकान भरलेलं असताना आत शिरले आणि पंडितला बाजूला घेऊन म्हणाले, "मला वय पाहिजे."

पंडितनं विचारलं, किती.

"पन्नास दिसलो तरी चालेल. हे सव्वीस केस मला परत दे."

पंडितनं केस बघितले. साबण लपवल्यामुळे रंग अजून निम्मा टिकून होता. पांढरे केस फिक्या चहासारखे झाले होते. त्यानं उपाय सांगितला: साबण शोधून काढा आणि रोज डोकं धुवा, तेवढंच. दादांना इतक्या सोप्या उपायावर विश्वास बसेना, पण त्यांनी सकाळ-संध्याकाळ डोकं धुतलं. तिसऱ्या दिवशी सात केस उजळले. आठव्या दिवशी सव्वीसच्या जोडीला आणखी पाच निघाले, नवे. दादांनी ते पाहून द्रौपदाबाईंना हाक मारली आणि दोघांनी आनंदानं मोजले.

त्याच दिवशी धनसिंग पंडितकडे आला. डोक्यावर टोपी होती. ती काढली तेव्हा खाली बोटभर पांढरं आणि वर दोन बोटं काळं. एरवी तो पुढाऱ्यांसारखा बोलायचा, पण त्या दिवशी घरची भाषा तोंडात आली. "पंडितभाऊ, मन्हं डोकं पहिलेसारखं करी दे."

पंडितला त्याची खरंच दया आली. पक्का रंग काढून टाकायचा म्हणजे आणखी जहाल औषधं लावायची, केस तांबडे करून घ्यायचे आणि टाळूची आग सहन करायची. नाहीतर नवे केस वाढेपर्यंत वाट बघायची, वर्षभर. नाहीतर केसच कापायचे. धनसिंगनं थोडा वेळ आरशाकडे बघितलं आणि सगळंच काढायला सांगितलं. तासाभरात तो गुळगुळीत डोक्यानं बाहेर पडला आणि भेटेल त्याला आईचा नवस फेडला म्हणून सांगू लागला. आई शेजारच्याच गल्लीत राहत होती. तिला नवसाचं काही ठाऊक नव्हतं.

निरीक्षक आले. गोटा केलेल्या धनसिंगला पाहून त्यांनी आधी सांत्वन केलं आणि घरात कोण गेलं ते विचारलं. मग कानशिलं चमकवत बसलेल्या देवचंददादांकडे वळून त्यांनी काही कामाचे प्रश्न विचारले. दादांनी प्रत्येक उत्तराआधी एक सुस्कारा सोडला. तिकीट दादांना मिळालं.

निवडणुकीत मात्र ते पडले. समोर चिंधा आबा होते, वय बहात्तर, डोकं कापसासारखं पांढरं, आणि गावोगावचे म्हातारे म्हणाले की देवचंद पोरगा चांगला आहे, पण अजून लहान आहे.

निकालानंतर आठवडाभर दादा घराबाहेर पडले नाहीत. मग एका सकाळी येऊन दारापाशीच्या खुर्चीत, रस्त्यावरच्या सगळ्यांना दिसेल अशा जागी बसले. नुसते केस काप म्हणाले. पंडितनं कात्री घेतली. मग दादांनी आरशातूनच विचारलं, पुढच्या खेपेला सगळे पांढरे करून मिळतील का.

"मिळतील की," पंडित म्हणाला. "पण त्याला ट्यूब नाही दादा. वीस वर्षं लागतील."

दादा हसले. ते हसणं खरं होतं. पंडितनं ते पहिल्यांदाच पाहिलं. अंगावरच्या कापडावर पडलेले काळे-पांढरे केस त्यांनी स्वतःच झटकले, पंडितच्या खांद्यावर हात ठेवला आणि थकल्या चालीनं, गुडघा न लपवता बाहेर गेले.

चैत्रात युवक संघटनेच्या जिल्हा अध्यक्षपदाची जागा रिकामी झाली. वयाची अट तीच होती. पुढच्या सोमवारी दुपारी दोनला पंडितनं अर्धं शटर वर केलं, टॉवेल काढला आणि गडद तपकिरी ट्यूब अजून ओली आहे का, हे दाबून पाहिलं.