निळी रेघ, लाल रेघ

कविता वाचून झाली की सर खिशातून लाल-निळी पेन्सिल काढायचे, तिचं निळं टोक जिभेला लावायचे आणि आम्हाला विचारायचे, "शब्द परत आलाय का? आला असंल तर कुणाच्या खांद्यावर बसून आलाय?"

पासष्टची लढाई होऊन काही महिने झाले होते. सांगलीतल्या आमच्या कॉलेजात सर मराठी शिकवायला होते, पण तात्पुरत्या नेमणुकीवर. मूळचे फलटणकडचे. फौजेत कारकुनी करून मग शिकलेले, त्यामुळे त्यांची भाषाही तशीच. "कवितेवर मत नको, रिपोर्ट द्या. कोण बोललं, कुठं बोललं, काय बदललं." चिडले की गावाकडची बोली तोंडात यायची, आणि ते रोजच चिडायचे. असा एखादा मास्तर तुम्हीही पाहिला असेल. तेव्हा आपण त्याला घाबरतो, आणि त्याची किंमत कळते तेव्हा तो निघून गेलेला असतो.

माझा थोरला भाऊ त्या लढाईत गेला. आमचं गाव साताऱ्याजवळचं, मी माधवनगरला मामाकडे राहून शिकत होते. शहरातल्या एका सत्कार समितीनं ठरवलं की गेलेल्या जवानांच्या आयांचा सत्कार करायचा, आणि त्यानिमित्त कॉलेजातल्या मुलांची निबंध स्पर्धा घ्यायची. निबंधाला एक कविता दिली. तिचं नाव 'सत्कार'. कुठल्याशा दिवाळी अंकात आलेली, पाच कडव्यांची. पहिलं कडवं असं :

धन्य गाव हे, धन्य माउली,
उभे राहुनी नमू पाउली;
पुत्र दिला तो देशासाठी,
उभे राहु या तिच्याच पाठी!

समितीनं हे कडवं आमंत्रणपत्रिकेवरही छापलं.

मी निबंध लिहिला. 'या कवितेतून देशभक्तीचा धबधबा कोसळतो,' वगैरे. सरांनी वही माझ्यासमोर आपटली.

"धबधबा? तू कविता शेवटपर्यंत वाचलीस?"

"हो सर."

"मग शेवटच्या कडव्यात काय हाय, म्हण."

मी म्हटलं :

भाषण सरले, हार वाळले,
टाळी झाली, लोक पांगले;
धन्य माउली उभीच आहे,
खुर्ची कोठे, बघते आहे.

"उभं राहायचं कुणी कबूल केलं होतं?"

"लोकांनी."

"आणि शेवटी कोण उभं हाय?"

"आई," मी म्हटलं. माझी आई त्याच समारंभाला येणार होती.

त्यांनी पेन्सिल माझ्या हातात दिली. पहिल्या कडव्यातल्या 'धन्य'खाली आणि 'उभे'खाली निळी रेघ मारायला लावली. मग ते शब्द जिथे जिथे परत येतात तिथे लाल. दुसऱ्या कडव्यात 'धन्य' अध्यक्षांना लागलेला, तिसऱ्यात हारवाल्याला, चौथ्यात फोटो काढणाऱ्याला. आई मागे मागे सरकत गेलेली. शेवटी 'धन्य' तिच्याकडे परत येतो तेव्हा तिला बसायला जागा नसते.

"कवी कुठं रागावलाय, दाखव," सर म्हणाले. मी शोधलं. रागाचा एकही शब्द नव्हता. "न्हाईच. पहिल्या कडव्यात कवी बोलतच न्हाई, सभेतला वक्ता बोलतोय. त्याचेच शब्द, त्याचीच चाल कवीनं शेवटपर्यंत चालू ठेवली. ठेका तोच, मात्रा त्याच. फक्त शेवटी आईला खुर्ची न्हाई, एवढं दाखवलं. आता पहिलं कडवं परत वाच."

मी वाचलं. तोच आवाज आता पोकळ लागत होता.

"हे लिही. पण एक ध्यानात ठेव. कवितेनं जवानाला कमी लेखलेलं न्हाई, आईलाही न्हाई. भाषणाला कमी लेखलंय. हा फरक निबंधात सुटला तर लोक तुलाही खातील आणि कवितेलाही."

मी सगळा निबंध फाडून नव्यानं लिहिला. विधान पहिल्याच परिच्छेदात : ही कविता गौरवाचे शब्द खोडत नाही, ते जसेच्या तसे उच्चारते आणि सत्याशेजारी उभे करते. मग एकेक ओळ पुराव्याला घेऊन तो शब्द कुठे कुठे गेला ते दाखवलं, आणि वळण शेवटच्या दोन ओळींत कसं पुरं होतं ते. त्याची प्रत स्पर्धेला दिली.

चार दिवसांनी समितीच्या अध्यक्षांनी सरांना आणि मला बोलावून घेतलं. शहरातले मोठे वकील. "मास्तर, हिचा सख्खा भाऊ गेलाय आणि ही असं लिहिते? तुम्ही शिकवलंत हे. जवानांचा अपमान आहे हा."

"अपमान कुठल्या ओळीत हाय?"

वकिलांनी आमंत्रणपत्रिका पुढे केली. "ही घ्या कविता. यात कुठे आहे खुर्ची?"

सरांनी टेबलावरचा दिवाळी अंक ओढला. एका पानाच्या तळाशी पहिलं कडवं होतं, बाकीची चार मागच्या पानावर. "आवं, पान उलटा की!"

समितीतल्या एकानंही पान उलटलं नव्हतं. पण आपली चूक कळल्यावर माणूस खजील होईल ही माझी समजूत त्या दिवशी संपली. वकील जास्तच भडकले. शेवटचा परिच्छेद काढा, नाहीतर सुट्टीनंतर मास्तरांची नेमणूक राहणार नाही, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. कॉलेजच्या मंडळावरही तेच होते.

बाहेर आल्यावर सर म्हणाले, "निबंध तुझा हाय. चुकलाय असं वाटलं तर खोड. माझ्या नोकरीसाठी खोडू नकोस."

मी खोडला नाही. बक्षीस दुसऱ्या कुणाच्या तरी धबधब्याला मिळालं.

समारंभाला मी पहिल्या रांगेत होते. व्यासपीठावर पाहुण्यांना खुर्च्या होत्या. एक जादा होती, तिच्यावर हारांचा ढीग ठेवला होता. बाकीच्या आया हार घेऊन खाली उतरल्या होत्या. शेवटी माझ्या आईला हार घातला, आणि भाषणं सुरू झाली तरी ती तशीच हात जोडून उभी राहिली. एक भाषण झालं, दुसरं झालं. 'धन्य ती वीरमाता,' म्हणून वकिलांनी सुरुवात केली. आई एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत होती. ते मला दिसत होतं. त्या खुर्चीवर मी तीन पानं लिहिली होती, आणि मी टाळ्या वाजवत होते. वकिलांचा मला राग येतो तो येतोच, पण त्याहून जास्त माझा मला येतो.

मागून सर उठले. ताड ताड चालत व्यासपीठावर चढले, हार उचलून वकिलांसमोरच्या टेबलावर टाकले, आणि खुर्ची आईच्या मागे आणून ठेवली. "बसा, आई." भाषण थांबलं. सर खाली उतरले आणि दारातून बाहेर गेले.

आईला गावी सोडायला मी एसटीनं निघाले. तिनं चपला काढून पाय दाबले. मग म्हणाली, "वीरमाता म्हणत्यात मला. पाय लय दुखत व्हते गं. त्यो मास्तर कोण व्हता?"

सुट्टी संपल्यावर परत आले तर सरांच्या जागी दुसरे आले होते. सर कुठे गेले ते कुणालाच ठाऊक नव्हतं. शिपायानं माझी वही दिली, जाताना सर ठेवून गेले होते. निबंधात चूक एकच काढलेली होती. माझं शेवटचं वाक्य होतं, 'अशा वीरमातांना आपण विसरता कामा नये.' त्यातल्या 'वीरमाता'खाली निळी रेघ, आणि समासात सरांचं अक्षर : 'हा वक्त्याचा शब्द. तुझ्याकडं परत कसा येतो बघू.'

लाल रेघ त्यांनी मारलेली नव्हती. मी पेन्सिल घेतली, त्या वाक्याखाली आईचं एसटीतलं बोलणं जसंच्या तसं उतरवलं, आणि तिच्या 'वीरमाता'खाली लाल रेघ मारली. वही तपासायला सर नव्हते.