नानांसाठी गेम निवडताना

नाना, म्हणजे माझे वडील, साक्रीकडचे. आयुष्यभर ट्रक चालवला. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ते धुळ्याला माझ्याकडे राहायला आले आणि दिवसभर गॅलरीतून रस्त्यावरच्या गाड्यांना नावं ठेवू लागले. मी कॉम्प्युटरवर गेम खेळणारा माणूस. म्हटलं, यांनाही एखादा गेम आणू.

पहिल्यांदा मी समीक्षकांचे गुण बघूनच निवडला. शर्यतीचा गेम, सगळीकडे दहापैकी नऊ. नानांनी कॉम्प्युटरला जोडलेलं माझं गेमचं स्टिअरिंग धरलं, तीन वळणांत गाडी उलटली. ते वैतागले.

"इतली घाई कसानी शे?"

थोडाच वेळ खेळलो होतो, म्हणून गेम परत करता आला. गेम वाईट नव्हताच. ज्यांना वेग आवडतो त्यांनी गुण दिले होते, आणि नानांना कुणी विचारलं नव्हतं.

मग मालवाहू ट्रकचा एक गेम दिसला. गुण बेताचेच. चाळीसगावच्या माझ्या बहिणीला फोन केला, तीही खेळणारी. ती म्हणाली, "कौतुक राहू दे दादा, आधी तक्रारी वाच. लोकांना नक्की काय खुपतंय ते बघ."

वाचायला बसलो. एकाने लिहिलं होतं, तासभर नुसता सरळ रस्ता, काही घडतच नाही. दुसऱ्याला मागे घेऊन गाडी लावण्याचा कंटाळा आला होता. तिसरा म्हणत होता, वेगमर्यादा मोडली की दंड होतो, मजा जाते. मी हसायलाच लागलो. ही तर नानांच्या आवडीची यादी होती! अलीकडच्या बऱ्याच नाराज प्रतिक्रिया मित्रांसोबत ऑनलाइन खेळताना गेम बंद पडतो म्हणून होत्या. नाना एकटेच खेळणार, त्यामुळे त्या बाजूला ठेवल्या.

तरी पहिला अनुभव ताजा होता. या वेळी आधी नानांनाच व्हिडिओ दाखवला. जाहिरातीचा नाही, त्यात सगळे चांगलेच तुकडे निवडलेले असतात. कुणीतरी न बोलता, काटछाट न करता खेळलेला लांबलचक व्हिडिओ लावला. नाना चष्मा लावून पुढे सरकले.

"हाई गाडी कोण चालाडी राहिना?"

"कुणीतरी खेळतोय, नाना."

"त्याले सांग, उतारवर गिअर कमी कर."

मी व्हिडिओ बंद करायला गेलो तर त्यांनी माझा हात धरला. मी गेम घेतला.

आता रोज चहा झाला की नाना माल घेऊन निघतात. परवा मी विचारलं, "तुमचं मत लिहू का गेमच्या पानावर? दुसऱ्यांना उपयोग होईल."

त्यांनी बराच विचार केला आणि जाहीर सभेतल्यासारखं प्रमाण मराठीत सांगितलं, "लिही. रस्ते उत्तम. हॉर्न मिळमिळीत. घाई असणाऱ्यांनी घेऊ नये."

मी तसंच लिहिलं आणि 'शिफारस करतो'वर टिचकी मारली.