‘बघू’ म्हणायचं नाही

खरेदी विभागात आयुष्य काढलेल्या माणसाला कुणी आपणहून चहा पाजला, की तो आधी समोरच्याच्या हाताकडे बघतो. सोमवारी सकाळी एचआरच्या मॅडमनी मला त्यांच्या केबिनमध्ये बोलावून चहा मागवला आणि दार लावून घेतलं. काहीतरी माझ्या गळ्यात मारायचं आहे, हे मी तिथेच ओळखलं.

हडपसरच्या आमच्या कारखान्यात खरेदी आणि स्टोअर ही दोन्ही खाती माझ्याकडे आहेत. मॅडम वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी सांगितलं ते थोडक्यात असं, की दोन स्टोअर एकत्र होणार, नोंदी आता बारकोडवर जाणार आणि नोंदी ठेवणाऱ्या क्लार्कची जागा रद्द होणार. त्या जागेवर माणूस एकच होता. गेली सतरा वर्षं तो माझ्या हाताखाली काम करत होता.

“शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता सांगायचं,” मॅडम म्हणाल्या. “मी सोबत असेन. पण सांगायचं तुम्ही, सर. त्याचे साहेब तुम्ही आहात.”

“निर्णय घेताना मी त्याचा साहेब नव्हतो वाटतं?”

मॅडम चहा ढवळत राहिल्या.

माझी अडचण वेगळीच होती. दोन महिन्यांपूर्वी हा क्लार्क मला विचारायला आला होता. वाघोलीच्या एका गोडाउनमध्ये त्याला सुपरवायझरची जागा मिळत होती. मी त्याला म्हणालो होतो, “थांब. इथे तुझं बस्तान बसलंय.” गोडाउनवाल्यांनी अजून ती जागा भरली नव्हती. येत्या शुक्रवारी दुपारपर्यंत हो की नाही ते कळव, असा त्यांचा निरोप होता आणि हा त्यांना नाही म्हणणार होता. माझ्या भरवशावर. आणि आम्ही त्याला सांगणार होतो शुक्रवारी पाच वाजता.

मी मॅडमना हे सांगितलं नाही. हातातला पत्ता आधी दाखवायचा नसतो. मी फक्त एवढंच म्हणालो, “शुक्रवार नको. बुधवारी सकाळी.”

“का?”

“शुक्रवारी पाच वाजता सांगितलं, तर पुढचे दोन दिवस त्याने प्रश्न विचारायचे कुणाला? तुमच्या बंद केबिनला?”

त्यांनी डायरी उघडून दिवस बदलला. इतक्या सहज मान्य केलं, म्हणून माझा संशय आणखी वाढला.

मंगळवारी तालीम ठरली. मॅडम क्लार्क होणार आणि मी त्यांना सांगणार. मी हसलो. रोज आठ पुरवठादारांना नाही म्हणणाऱ्या माणसाला हे काय शिकवणार? मी खुर्ची ओढली आणि सुरुवात केली. घरी सगळे बरे आहेत ना? खडकवासल्याहून यायला हल्ली किती वेळ लागतो? सिंहगड रोडची काय अवस्था झाली आहे! मग म्हणालो, तुझ्यासारखा इमानदार माणूस मी बघितला नाही.

मॅडमनी हात वर केला. “सर, चार मिनिटं झाली. मला वाटतंय, मला प्रमोशन मिळतंय.”

“सौद्यात आधी वातावरण तयार करावं लागतं.”

“हा सौदा नाहीये. पहिल्या मिनिटात सांगायचं. पुढे बोला.”

मी पुढे बोललो. कंपनीची परिस्थिती, बाजार, बदलता काळ. मॅडम डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, “साहेब, कुठे तरी कोपऱ्यात ठेवा ना मला.” त्या चांगल्या नटी आहेत, हे मला ठाऊक नव्हतं. माझ्या तोंडून आपोआप निघालं, “बघू. काहीतरी करू.”

ते शब्द माझे नव्हते. मी एकवीस वर्षांचा असताना ज्या कारखान्यात हमाली करत होतो, तिथल्या मुकादमाचे होते. एका शनिवारी तो मला स्वारगेटला घेऊन गेला, मिसळ खाऊ घातली, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, “तुझ्यासारखं पोर नाही. थोडे दिवस घरी आराम कर. बघू. बोलावतो.” मला ते खरं वाटलं. शनिवार पेठेतल्या एका भांड्यांच्या दुकानात मला काम मिळत होतं. त्या शेठना मी सांगून आलो, की माझा कारखाना मला बोलावणार आहे. मी अडीच महिने वाट बघितली. शेवटी गेटवर गेलो तेव्हा वॉचमन म्हणाला, “तुझं नाव तर त्याच दिवशी कापलंय, राजा.” त्या मुकादमाने मला शिवी दिली असती, तरी मी आज त्याला माफ केलं असतं. त्याने दिलेली मिसळ मला अजून पचलेली नाही.

“पुन्हा करू,” मी मॅडमना म्हणालो.

आम्ही पाच वेळा केलं. पहिलं वाक्य मी कागदावर लिहून पाठ केलं. शाळेत मी पाढेसुद्धा पाठ केले नव्हते. मॅडमनी काय काय सांगितलं ते मला आजही आठवतं, कारण प्रत्येक गोष्टीवर मी त्यांच्याशी भांडलो. निर्णय वरून आला आहे, माझे हात बांधलेले आहेत, असं म्हणायचं नाही. मी म्हणालो, खरंच तर आहे. त्या म्हणाल्या, खोलीत तुम्ही कंपनी आहात, अंग काढून घेतलंत तर त्याने विचारायचं कुणाला? मला तुझ्यापेक्षा जास्त वाईट वाटतंय, असंही म्हणायचं नाही. त्याच्या रजा, त्याच्या चुका, दुसऱ्या कुणाशी तुलना, यातलं काहीही काढायचं नाही. जागा जाते आहे, त्याच्या कामात खोट नाही, एवढंच बोलायचं आणि ते खरं असलं पाहिजे. सांगून झालं की गप्प बसायचं. ही शांतता त्याची, ती आपण भरायची नाही. उत्तर माहीत नसेल तर लिहून घ्यायचं, कधीपर्यंत देऊ ते सांगायचं आणि त्या वेळेला द्यायचं.

“आणि दुसरीकडे कुठे जागा आहे का ते बघितलंत?” मी विचारलं. “का नुसतंच?”

“बघितलं. इथे आणि आपल्या दुसऱ्या प्लांटमध्येही. नाहीये. असती तर आज आपण इथे बसलो नसतो.”

मी रिकाम्या जागांची यादी मागितली. त्यांनी दिली. मी स्वतः दोन ठिकाणी फोन करून खात्री करून घेतली. खरंच जागा नव्हती.

बुधवारी सकाळी साडेनऊला मी मॅडमच्या आधी ठरलेल्या बंद खोलीत पोचलो. काचेची केबिन मी आदल्या दिवशीच नाकारली होती. माणूस रडतो की नाही, ते अख्ख्या ऑफिसने का बघायचं? टेबलावर फाइल होती. मी ती एकेक कागद करून तपासली. नोटिशीचं पत्र, कारणासकट. नोटीस, भरपाई, ग्रॅच्युइटी, पीएफ यांचा खुलासा. मेडिक्लेम कधीपर्यंत चालू राहील ते. आणि सगळ्यात खाली एक छापील कागद: ‘मी वैयक्तिक कारणास्तव राजीनामा देत आहे.’ खाली सहीसाठी रेघ.

माझं डोकं फिरलं. मॅडम आत आल्या तेव्हा कागद माझ्या मुठीत होता.

“हे काय आहे? जागा तुम्ही रद्द करताय आणि राजीनामा तो देतोय? कसली वैयक्तिक कारणं? त्याचं पोट?”

“आवाज खाली, सर. तो बाहेर येऊन बसलाय.”

“त्याने यावर सही केली, तर त्याला कपातीची भरपाई मागायला तोंड राहील का?”

“अवघड होईल,” मॅडम शांतपणे म्हणाल्या. “म्हणूनच मी दोनदा मेल केली होती, की हा कागद नको. हेड ऑफिसने पुन्हा पाठवला. एचआरचं कोण ऐकतं? तुमचं ऐकतात. तुम्ही ओरडता.”

मी तिथूनच हेड ऑफिसला फोन लावला. काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. पाच मिनिटांनी मॅडमच्या फोनवर निरोप आला: तो कागद वगळा. मी त्याचे चार तुकडे केले आणि खिशात घातले. मॅडमनी मला मुद्दाम चेतवलं की काय, हा संशय माझ्या मनातून अजून गेलेला नाही. गेला नाही तरी चालेल.

तो आत आला. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. मी त्याला दाराजवळची खुर्ची दिली, समोर पाणी ठेवलं, फोन बंद केला.

“तुला वाईट बातमी सांगायला बोलावलंय,” मी म्हणालो. “दोन्ही स्टोअर एक होतायत आणि तुझी जागा रद्द होते आहे. तुझी नोकरी या महिन्याच्या शेवटी संपेल. तुझ्या कामात काही खोट नाही.”

मग मी गप्प बसलो. मी इतका वेळ गप्प कधीच बसलेलो नाही. बाहेर फोर्कलिफ्ट मागे येताना पिक-पिक वाजत होती.

“माझीच का?” तो म्हणाला.

“नोंदी ठेवायची जागा ती एकच आहे. आता ते काम मशीन करणार.”

“मशीन.” तो हसला. “मशीनला कळंल का, कुठला पुरवठादार पेटीच्या तळाला गंजका माल भरतो?”

त्याचं बरोबर होतं. मी तसं म्हणालो नाही. म्हटलं असतं, तर तो वाद घालण्यात अडकला असता आणि वादाने निर्णय बदलणार नव्हता.

“साहेब, कुठं बी टाका. डिस्पॅचला टाका. वरीसभर.”

‘बघू’ माझ्या दातांपर्यंत आलं होतं.

“नाही,” मी म्हणालो. “दुसरी जागा शोधली. नाहीये. होईल असं मी तुला सांगणार नाही.”

त्याचं तोंड उतरलं आणि मग लाल झालं. “दोन महिन्यांपूर्वी तुमीच म्हनलात, थांब. तवा ठावं हुतं तुमाला. ठावं हाय म्हणूनच थांबवलंत, काम उरकून घ्यायला.”

“ठाऊक नव्हतं.”

“तुमी बोलता ते पुरवठादारांना खरं वाटतं, साहेब. मी समोर बसून बघितलंय तुमाला सतरा वर्सं.”

मॅडम मध्ये बोलणार होत्या. मी हाताने थांबवलं. ठाऊक नव्हतं, सोमवारीच कळलं, असं मी पुन्हा एकदा म्हणालो. त्याने ते ऐकून घेतलं, गिऱ्हाइकाची सबब ऐकून घ्यावी तसं.

मॅडमनी एकेक कागद समजावला. आज कशावरही संमतीची सही नको, घरी न्या, कुणाला दाखवायचं त्याला दाखवा, उद्या बारा वाजता आम्ही दोघंही इथेच असू, असं सांगितलं. फक्त पत्र मिळाल्याची सही हवी होती. त्याने पत्र दोनदा वाचलं, मागची कोरी बाजूही उलटून पाहिली. मग खिशातलं पेन काढून आमच्या प्रतीवर लिहिलं, ‘फक्त मिळाले. तपासणी बाकी.’ आणि खाली सही, तारीख, वेळ.

स्टोअरमध्ये ट्रक आला की चलनावर तो हेच लिहायचा. मीच शिकवलं होतं त्याला. माल मोजल्याशिवाय आपण काही कबूल केलेलं नसतं.

“असं चालेल का?” मॅडम माझ्या कानाशी म्हणाल्या.

“पळेल,” मी म्हणालो.

तो उठला, फाइल काखेत धरली आणि दाराशी थांबला. माझ्याकडे न बघता म्हणाला, “गोडाउनवाल्याला शुक्रवारी काय सांगू? या वेळी खरं सांगा.”

खोलीत सल्ला द्यायचा नाही, हेही मॅडमनी शिकवलं होतं. मी त्यांच्याकडे बघितलं. त्या कागद सारखे करण्यात गुंतल्या होत्या, किंवा तसं दाखवत होत्या.

“हो म्हण,” मी म्हणालो. “शुक्रवारची वाट बघू नकोस. आजच म्हण.”

त्याने मान हलवली. विश्वास ठेवला की नाही, कळलं नाही. पण खिडकीतून मला तो गेटकडे जाताना दिसला. वॉचमनच्या चौकीच्या पायरीवर बसून त्याने फाइल गुडघ्यावर ठेवली आणि फोन कानाला लावला.