पाच समीकरणांतलं आमचं घर

आकड्यांना भुतं लागत नाहीत, असं मी वर्गात मोठ्या ऐटीत सांगत असे. आता सांगत नाही.

सासरे जाऊन वर्ष होत आलं होतं. विद्यानगरच्या घरात सासूबाई, नवरा आणि मी, एवढेच उरलो होतो. आम्ही दोघं कामावर गेलो की त्या दिवसभर एकट्या. आईला असं एकटं ठेवणं बरं आहे ना, असं नवरा अधूनमधून विचारायचा, आणि मी म्हणायचे, ठणठणीत आहेत त्या, उगीच काळजी करू नकोस. स्वयंपाक त्यांचाच होता. माझी लुडबुड त्यांना खपत नसे, आणि खरं सांगायचं तर मलाही ते सोयीचंच होतं.

आमच्या संशोधन केंद्रात तेव्हा शहरातल्या घरांच्या खाण्यापिण्यावर काम चाललं होतं. माझ्या हाताखालची संशोधक नांदेडकडच्या कुटुंबातली, पण इथेच वाढलेली. तिने तांदूळ, डाळ, दूध, भाजी आणि अंडी यांच्या मागणीची पाच समीकरणं मांडली होती. एक दिवस ती रडवेली होऊन आली. पाचही एकत्र सोडवली तरी उत्तरं सुटी सोडवल्यासारखीच येत होती, अगदी शेवटच्या दशांशापर्यंत. तिला वाटलं, प्रोग्राम बिघडला. मी पाहिलं तर या बाईंनी पाचही समीकरणांत उत्पन्न, माणसं आणि सगळ्या किमती अशी एकच यादी टाकलेली. उजवी बाजू सगळीकडे तीच असली की एकत्र सोडवून नवं काही हाती लागत नाही. मग किमतींपैकी प्रत्येकात फक्त त्या-त्या पदार्थाची ठेवली, तेव्हा उत्तरं हलली आणि अंदाज आधीपेक्षा नेमके झाले.

ते नेमके का झाले, तीच यातली गंमत आहे. तांदळाच्या समीकरणाचा दुधाच्या समीकरणाशी वरवर काही संबंध नसतो. पण किंमत, उत्पन्न, माणसं असा सगळा हिशोब करूनही प्रत्येक घराचा थोडा फरक उरतो. ज्या घरात तांदूळ अंदाजापेक्षा जास्त, तिथे डाळही जास्त आणि दूधही जास्त असं पुष्कळदा दिसलं, की समजायचं, ही समीकरणं आतून बांधलेली आहेत. ते बांधलेपण वापरून अंदाज सुधारता येतो. बांधणारं कोण, हे मात्र गणित सांगत नाही.

आमच्या आकडेवारीत हे बांधलेपण स्पष्ट दिसत होतं. ते कुठून येतं हे बघायला तिने घरं एकेक करून काढली, आणि एका घरापाशी थांबली. पाचही फरक वरच्या दिशेने, आणि अंड्यांचा सगळ्यांत मोठा.

"मॅडम, इथं तीन माणसं लिहिलीत. पण जेवतंय चौथं बी कुणीतरी."

घराचा क्रमांक पाहिला आणि मी तो पुन्हा एकदा ताडून पाहिला. प्रश्नावलीच्या चाचणीसाठी आम्ही सगळ्यांनी आपापली घरं दिली होती. ती नंतर यादीतून काढायची राहून गेली होती. हे आमचं घर होतं. माहिती सासूबाईंनी दिलेली, सासरे गेल्यानंतरची, मी कामावर असताना. घरात अंडी खाणारे एकटे सासरेच होते. सासूबाई अंड्याचं भांडंसुद्धा वेगळं ठेवायच्या, हात लावायच्या नाहीत. मला भीती वाटली, अगदी साधी, लहान मुलाला वाटते तशी. त्या दिवशी मी दुपारीच घरी निघाले.

दार किल्लीने उघडलं. जेवणाच्या टेबलाशी, सासऱ्यांच्या खुर्चीवर, त्यांच्यासारखाच एक पाय वर घेऊन सासूबाई बसल्या होत्या. पलीकडे, त्यांच्या नेहमीच्या जागेवरच्या ताटलीत त्यांचं स्वतःचं जेवण संपलेलं, खरकटं तसंच. त्यांच्यापुढे दुसरं ताट होतं, भात, डाळ, भाजी, दुधाची वाटी आणि उकडलेलं अंडं. त्यांनी अंड्याचे हातानेच दोन तुकडे केले, मिरपूड भुरभुरली आणि ते चवीने खाल्ले. मग बोटाने ताटाच्या कडेवर टकटक केलं. भात हवा असला की सासरे तसंच करत.

मी "आई" म्हणून हाक मारली. त्यांनी मान वर केली नाही. दुसऱ्यांदा मारली, तरी नाही. का कोण जाणे, माझ्या तोंडून "बाबा" निघून गेलं. तशी त्यांनी लगेच वर पाहिलं आणि ओळखीचं हसल्या. स्वयंपाकघराच्या दाराकडे एकदा नजर टाकून, तिथे कुणी ऐकत असावं तसा आवाज खाली आणला.

"मी गेलोय, हे तिला सांगू नकोस."