तार कुणी उपटली नव्हती

ती रक्त तपासणारी. इस्पितळाच्या तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत अकरा वर्षं झाली होती. तिच्या हातून नमुन्यांची अदलाबदल कधी झाली नाही, सुट्टी मागताना तिने कधी खोटं कारण दिलं नाही आणि वडिलांच्या आजारपणाची चार वर्षं तिने एकटीने ओढली. अंगावर पडलेलं काम टाकून जाणं तिच्या स्वभावातच नव्हतं. म्हणून तिच्या संघाने जेव्हा तिला पळपुटी म्हटलं, तेव्हा तिच्या डोक्यात गेलं ते तिथेच रुतून बसलं.

संघ म्हणजे ऑनलाइन खेळणाऱ्या पाच जणांचा. वडील गेल्यावर घर खायला उठायचं, तेव्हा तिने भाचीच्या सांगण्यावरून हा खेळ धरला आणि बघता बघता त्यात मुरली. तिचं काम बचावाचं. बाकी चौघे पुढे धावायचे आणि ही दार अडवून उभी राहायची. संघात सगळे तिला 'ढाल' म्हणायचे. दर रविवारी दुपारी साखळी स्पर्धेचा सामना असायचा. आई जेवण उरकून पलंगावर आडवी व्हायची, ही कानाला हेडफोन लावून बसायची.

मग नेटची जोडणी तुटायला लागली. कधी सामना सुरू होताच, कधी ऐन मोक्याला. पडद्यावर सगळे जागच्या जागी थिजायचे, पाच-सहा सेकंदांनी नेट परत यायचं, पण तोवर खेळाने तिला बाहेर काढलेलं असायचं. परत आत शिरेपर्यंत दार उघडं. दोन सामने त्यापायी गेले.

नेटवाल्या कंपनीचा माणूस आला. त्याने वेग मोजला, राउटर बदलला, तार बदलली. "मॅडम, आमच्याकडून लाइन एकदम ओके आहे," म्हणाला आणि गेला. त्याच संध्याकाळी जोडणी तीनदा तुटली. तिने फोन केला तर पलीकडून राउटर बंद करून चालू करायला सांगितलं. "ते मी तीनदा केलंय. दुसरं काही येतं का तुम्हाला?" असं म्हणून तिने फोन आपटला.

कर्णधार तिच्यापेक्षा वयाने लहान, दिवसा एका गोदामात हिशेबनीस आणि रविवारी स्वतःला सेनापती समजणारा. तो एकदा सगळ्यांसमोर म्हणाला, "ढालबाई, हरायला लागलो की बरोबर तुमचंच नेट जातं."

"आपण जिंकत असताना गेलं ते विसरलास वाटतं."

"मी आपलं म्हटलं."

शेवटी तिने इस्पितळाच्या कॉम्प्युटर विभागातल्या काकांना घरी आणलं. काका कमी बोलायचे. त्यांनी राउटरकडे पाहिलंसुद्धा नाही, थेट कॉम्प्युटरमध्ये शिरले. "डाउनलोड करताना तुटतं का?"

"नाही. आई याच मशीनवर तासन् तास व्हिडिओ बघते, तिची काही तक्रार नाही."

"व्हिडिओ पुढचा भाग आधीच साठवून ठेवतो, त्याला पाच सेकंद कळत नाहीत. मोठं डाउनलोड चालू असताना नेटवर्क कार्डाला उसंत नसते. तुझा खेळ मात्र थेंबाथेंबाने माहिती पाठवतो, आणि मधल्या रिकाम्या क्षणात हे कार्ड वीज वाचवायला डुलकी काढतं. उठताना त्याचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, गडबडतो आणि जोडणी पडते." त्यांनी कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटच्या पानावरची खूण काढून टाकली. वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायची मुभा त्या खुणेने मिळत होती. पुढच्या पानावरची वीज-बचतीची सोयही बंद केली.

"एवढंच?" तिने विचारलं. दोन महिने ज्यापायी जिवाचं पाणी झालं, ते एका खुणेचं काम निघावं, याचा तिला आनंदापेक्षा संतापच जास्त आला.

दोन आठवडे नेट दगडासारखं स्थिर होतं. तिने संघाला छातीठोकपणे सांगितलं, "दुरुस्त झालंय. आता तुटणार नाही."

उपांत्य सामन्यात, बरोबरी असताना, तुटलं.

ती परत आत आली तेव्हा सामना हरलेला होता आणि तिला संघातून काढलेलं होतं. सगळ्या संघांच्या सामायिक गटात कर्णधाराने लिहिलं होतं: 'अंगाशी आलं की तार उपटणारी पळपुटी आम्हाला नको.' खाली हसरे चेहरे रांगेने.

तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवला, आपटला नाही. आपटला असता तर बरं झालं असतं. राग आत जिरेना. आईने विचारलं, "काय गं?" तर ती आईवरच खेकसली आणि मग त्या खेकसण्याचाही राग आला.

दुसऱ्या दिवशी काकांना तिने जवळजवळ धरूनच आणलं. "तुम्ही म्हणालात झालं. मी शब्द दिला होता लोकांना."

काकांनी मशीन उघडलं आणि कार्डाचं पान काढलं. "खूण परत आलीय. बचतीची सोयही चालू आहे. ड्रायव्हरची तारीख बघ. गुरुवारी सिस्टमच्या अपडेटने स्वतःहून दुसरा ड्रायव्हर बसवला, त्याबरोबर आपण बदललेलं सगळं पुसलं गेलं. चूक माझी. मी ते अपडेट अडवायला हवं होतं."

चूक कबूल करणारा माणूस समोर असला की भांडता येत नाही. ती नुसती म्हणाली, "माझ्यावर तार उपटल्याचा आळ आहे. ते खोटं आहे हे दिसेल कुठे?"

मशीन आपल्या घडामोडींची नोंद ठेवतं. काकांनी ती उघडली. जोडणी गेली, जोडणी आली, वेळेसकट. "पण तार उपटली तरी हीच नोंद पडते," ते म्हणाले.

ती वाचत वाचत शुक्रवारपाशी थांबली. सकाळी सव्वाअकरा, अकरा चाळीस, बारा दहा. दुपारी आणखी चार वेळा. मशीन ती सदा चालूच ठेवायची. "काका, शुक्रवारी मी लॅबमध्ये होते. सकाळी आठ ते चार. माझ्या अंगठ्याची हजेरी आहे."

पलंगावरून आई म्हणाली, "मग घरात मी एकटीच होते. माझे गुडघे बघता मी त्या टेबलाखाली वाकून सात वेळा तार उपटली असेल, असं त्या पोराला वाटतं का, विचार."

काकांनी मदरबोर्ड बनवणाऱ्याच्या साइटवरून मूळ ड्रायव्हर बसवला, खूण आणि बचतीची सोय दोन्ही पुन्हा बंद केल्या आणि सिस्टमने आपणहून ड्रायव्हर बदलू नयेत अशी सोय केली. तिने नोंदीचं चित्र आणि हजेरीचं चित्र शेजारी शेजारी ठेवून त्याच सामायिक गटात टाकलं. गुरुवारपूर्वीचे दोन आठवडे एकही नोंद नव्हती, तेही दाखवलं.

रात्री कर्णधाराचा फोन आला. "ढालबाई, समजलं. तांत्रिक होतं तर. तिसऱ्या क्रमांकाचा सामना आहे रविवारी, या."

"तू गटात लिहिलंस. गटात मागे घे."

"अहो, एवढं काय त्यात."

"एवढंच आहे, तर लिहायला वेळ लागणार नाही."

त्याला तीन दिवस लागले. लिहिलं ते जिवावर आल्यासारखं: 'ढालीवर केलेला आरोप चुकीचा होता, माफी.' या वेळी खाली एकही चेहरा उमटला नाही.

रविवारी ती खेळली. पूर्ण पन्नास मिनिटं जोडणी एकदाही हलली नाही. ते हरले, कारण कर्णधारच वेड्यासारखा पुढे धावून दोनदा अडकला. सामना संपताच ती म्हणाली, "पुढच्या वेळेला दुसरी ढाल शोधा. आज शेवटपर्यंत उभी राहिले, ते माझ्यासाठी."

मग तिने स्वतःच्या हाताने बाहेर पडायचं बटण दाबलं आणि आईला चहा टाकते म्हणून उठली. राग होताच अजून, पण पाऊल हलकं पडलं.